बाबांच्या पॉलिसीचं स्टेटमेंट: सहा लाख दिसतात, हातात साडेतीनच का?

प्रश्न: काका, आम्ही खानापूरचे, बाबा उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांच्या पॉलिसीचं स्टेटमेंट काढलंय. सम अशुअर्ड 5,00,000, मुदत 20 वर्षं, सुरू 28/06/2012, वर्षाचा हप्ता 24,600. एकूण भरलेला प्रीमियम 3,44,400, जमा बोनस 2,68,000, सरेंडर व्हॅल्यू 3,52,260, एक्स्पेक्टेड मॅच्युरिटी 9,08,000, एफयूपी 28/06/2026. भरलेले आणि बोनस मिळून 6,12,400 होतात मग सरेंडरला साडेतीनच का? बहिणीच्या लग्नाला दोन लाख पाहिजेत. एकजण म्हणतोय ही बंद करा, लग्नाला दोन लाख काढा, उरलेले नव्या पॉलिसीत टाका. फसवणूक झालीय का आमची?

उत्तर:

फसवणूक नाही. आणि अजून काही सही केली नसेल तर करू नका, आधी हे शेवटपर्यंत वाचा. मी बेळगावात तेवीस वर्षं विम्याचंच काम करतोय आणि हा 6,12,400 चा हिशोब माझ्यासमोर किती जणांनी मांडलाय त्याला गणती नाही, निपाणीच्या तंबाखूवाल्यापासून शहापूरच्या मागवाल्यापर्यंत सगळे त्या दोन आकड्यांची बेरीज करतात. कारण स्टेटमेंट बँकेच्या पासबुकासारखं दिसतं, आणि पासबुकात भरलेले पैसे अधिक व्याज म्हणजे आपली शिल्लक असते. इथे तसं नाही. स्टेटमेंट इंग्रजीत, मोबाईलवरचा मेसेज इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, त्यामुळे घरात वाचणारं माणूस नसलं की जो कोण वाचून दाखवतो त्याचंच खरं धरलं जातं.

आधी "भरलेला प्रीमियम" बघू. 24,600 चे 14 हप्ते, 2012 पासून 2025 पर्यंत, झाले 3,44,400. हा आकडा म्हणजे नुसती नोंद आहे, कुठल्या खात्यात पडून असलेली रक्कम नव्हे. यातला काही भाग बाबांच्या जोखमीसाठी गेला, काही खर्च-कमिशनला गेला, उरलेला कंपनीच्या मोठ्या फंडात गेला आणि तिथून तुम्हाला काय मिळणार ते वेगळ्याच सूत्राने ठरतं. तुम्ही पावत्या काढून बेरीज केलात तर ती 3,44,400 पेक्षा जास्त येईल, तेव्हा घाबरू नका. मधल्या वर्षांत आधी सर्व्हिस टॅक्स आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागत होता, असल्या पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या हप्त्याला तो सव्वादोन टक्के, म्हणजे तुमच्या हप्त्यावर साधारण 554 रुपये. पावती 25,154 ची आणि स्टेटमेंटमध्ये 24,600, असा फरक तिथून येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक लाइफ इन्शुरन्सवरचा जीएसटी शून्य झालाय, तेव्हा येत्या जूनचा हप्ता नुसता 24,600 चा असायला पाहिजे.

आता बोनस, सगळा घोळ इथेच होतो. बोनस तुमच्या भरलेल्या पैशावर मिळत नाही, सम अशुअर्डवर, म्हणजे जेवढ्याचा विमा उतरवलाय त्या रकमेवर मिळतो, दर हजारी अमुक रुपये असा. कंपनी वर्षाला एकदा आपल्या फंडाचं मूल्यांकन करते आणि त्या वर्षाचा दर जाहीर करते. पाच लाखाची पॉलिसी म्हणजे पाचशे हजार, दर 42 असला तर त्या वर्षाचा बोनस 500 गुणिले 42, म्हणजे 21,000. स्टेटमेंटच्या खाली किंवा मागच्या पानावर वर्षवार बोनस छापलेला असतो, तो बघा, आठ वर्षं 21,000 आणि नंतरची पाच वर्षं 20,000 असं दिसायला पाहिजे, कारण 1,68,000 अधिक 1,00,000 बरोबर 2,68,000 होतात. म्हणजे तेरा वर्षांचा बोनस चढलाय, चौदाव्याचा अजून जाहीर व्हायचाय. हप्ते चौदा आणि बोनस तेरा बघून कुणी "एक वर्षाचा खाल्ला" म्हणेल, तसं काही नाही, मार्च संपल्यावर मूल्यांकन होऊन दर यायला काही महिने जातात.

हा साधा बोनस आहे, यावर पुढं व्याज चढत नाही. 2013 ला चढलेले 21,000 हे 2032 लाही 21,000 च. पण एकदा चढला की कंपनी तो काढून घेऊ शकत नाही, पुढच्या वर्षी दर शून्य केला तरी आधीचे 2,68,000 तसेच राहतात. फक्त तो मिळतो केव्हा? दोनच वेळी पूर्ण मिळतो, एक मुदत संपल्यावर आणि दुसरं विमा उतरवलेला माणूस मधेच गेला तर. देव न करो पण उद्या बाबांना काही झालं तर हप्ते चालू असताना आईला 5,00,000 अधिक 2,68,000 असे 7,68,000 मिळतील, त्यात एक रुपया कापला जाणार नाही. आणि बाबा स्वतः आज जाऊन पॉलिसी बंद करतो म्हणाले तर तोच बोनस सहा वर्षं आधी मागितला म्हणून कापून मिळतो. जमा बोनस म्हणजे पुढच्या तारखेचा चेक समजा. 2032 च्या तारखेचा चेक आज कुणी वटवून दिला तर तो पूर्ण रक्कम थोडीच देणार आहे.

मग 3,52,260 आले कुठून? हे मी तुमच्या आकड्यांवरून काढून दाखवतो, कॅल्क्युलेटर घ्या. वीस हप्त्यांपैकी चौदा भरलेत. म्हणून पाच लाखाचे चौदा-विसांश, म्हणजे 3,50,000, याला पेड-अप व्हॅल्यू म्हणतात. त्यात चढलेला बोनस 2,68,000 मिळवा, 6,18,000 होतात. लक्षात घ्या, हे 6,18,000 आणि तुमचे 6,12,400 जवळजवळ सारखे दिसतात पण तो योगायोग आहे, हिशोब वेगळा आहे, भरलेल्या प्रीमियमचा यात कुठेच संबंध नाही. आता 3,52,260 ला 6,18,000 ने भागा, 0.57 येतं. हाच तुमचा सरेंडर फॅक्टर. मुदत किती वर्षं राहिलीय त्यावर तो ठरतो, आज सहा वर्षं राहिलीत म्हणून रुपयाला 57 पैसे, दोन वर्षं राहिली असती तर बराच वर गेला असता. म्हणून सरेंडर व्हॅल्यू दर वर्षी दोन बाजूंनी वाढते, एक तर पेड-अप आणि बोनस वाढतो आणि वरून फॅक्टरही वाढतो, शेवटच्या काही वर्षांत ती पळतच सुटते. आज तुम्ही नेमकं ते पळायला सुरू होण्याच्या तोंडावर आहात.

याला स्पेशल सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. पॉलिसी बाँडवर छापलेली गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू वेगळी. 2012 च्या असल्या पॉलिसीत बहुतेक वेळा ती पहिल्या वर्षाचा हप्ता सोडून बाकीच्या भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के असते, तुमचे तेरा हप्ते 3,19,800, त्याचे 30 टक्के 95,940, अधिक बोनसची त्या दिवशीची किंमत. दोन्हीतली जी जास्त ती द्यायची असते, म्हणून तुम्हाला स्पेशल दाखवलीय. बाँडवर 30 टक्के वाचून "आम्हाला फक्त लाखभर मिळणार" म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी बघितलीत, तसं नाही ते. दुसरीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय की सरेंडरचे नियम बदलले, आता जास्त मिळतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम बदललेत हे खरं आहे, पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून एक वर्ष झालं तरी स्पेशल सरेंडर व्हॅल्यू द्यावी लागते, पण ते त्यानंतर विकल्या जाणाऱ्या प्लॅनसाठी. बाबांची पॉलिसी 2012 च्या करारावर चालते, त्या मेसेजचा तिच्याशी संबंध नाही.

आता एक्स्पेक्टेड मॅच्युरिटी 9,08,000. ही लिहून दिलेली रक्कम नाही, पण हवेतलीही नाही. सम अशुअर्ड 5,00,000, चढलेला बोनस 2,68,000, आणि राहिलेल्या सात वर्षांचा बोनस आताच्याच 40 च्या दराने धरून 1,40,000. बेरीज बरोबर 9,08,000. म्हणजे यातले 7,68,000 पक्के आहेत, अट एवढीच की राहिलेले सगळे हप्ते भरले पाहिजेत, आणि फक्त 1,40,000 अंदाजाचे आहेत. समजा पुढची सातही वर्षं दर 36 वर आला, तरी 1,26,000 होतील, एकूण 8,94,000. चौदा हजाराचा फरक. "बोनस कमी होत चाललाय, पॉलिसी बुडणार" असं जो सांगतो त्याला हा आकडा दाखवा. उलट पंधरा वर्षं किंवा जास्त चाललेल्या पॉलिसींना बऱ्याच वेळा शेवटी एक फायनल अ‍ॅडिशनल बोनस मिळतो, त्याचा दर त्या वर्षी जाहीर होतो, तो तुमच्या 9,08,000 मध्ये धरलेला नाही हे बेरजेवरूनच कळतंय. काही स्टेटमेंटमध्ये तो धरलेला असतो. म्हणून बेरीज स्वतः करून बघा, जुळली नाही तर ब्रांचमध्ये विचारा की जास्तीचे कशाचे धरलेत.

आता आपल्या खऱ्या मुद्द्यावर येऊ. भरलेले 3,44,400 आणि मिळणार 3,52,260, चौदा वर्षांत आठ हजार मिळाले, असली पॉलिसी ठेवून काय उपयोग, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणारच. ऐकायला पटतं. वीस वर्षांचा पूर्ण हिशोब लावला तरी 24,600 दर वर्षी भरून 9,08,000 म्हणजे साडेपाच टक्क्याच्या आसपास पडतं, फार काही भारी नाही, हे मी माझ्या गिऱ्हाईकांना पण स्पष्ट सांगतो. 2012 ला तुम्ही मला विचारलं असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता कदाचित. पण तुम्ही 2026 ला विचारताय. चौदा वर्षांचं जे व्हायचं ते होऊन गेलं, खर्च-कमिशन कापून झालं, आता प्रश्न फक्त पुढच्या सहा वर्षांचा आहे.

तो असा मांडा. आज बंद केली तर 3,52,260 हातात. चालू ठेवली तर हे पैसे हातात नाहीत, वरून सहा हप्ते, 1,47,600 भरायचे, आणि जून 2032 ला 9,08,000. आता समजा तुम्ही बंद करून ते 3,52,260 बँकेत सात टक्क्यानं ठेवले आणि दर जूनला 24,600 पण तिथेच टाकत गेलात, तर 2032 ला होतात साधारण 7,17,000. त्यावरच्या व्याजावर टॅक्स वेगळा. आणि इकडे 9,08,000. एक लाख नव्वद हजाराचा फरक. उलटं करून बघितलं तर तेवढे पैसे व्हायला बँकेनं तुम्हाला पावणेबारा टक्के व्याज द्यायला पाहिजे, सहा वर्षं सलग. कोण देतंय? साडेपाच टक्क्याची पॉलिसी पुढच्या सहा वर्षांसाठी पावणेबाराची कशी झाली, तर त्या 0.57 मुळे. आज बंद करणाऱ्याचे 43 पैसे कापले जातात, थांबणाऱ्याला तेच 43 पैसे परत मिळत जातात. म्हणून जुनी पॉलिसी बंद करून नवीन घ्यायला सांगणाऱ्याचं मी कधी ऐकत नाही, जोपर्यंत तो हा सहा वर्षांचा हिशोब कागदावर मांडून दाखवत नाही. नव्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचं कमिशन सगळ्यात जास्त असतं, आणि बाबा आता एकोणपन्नासचे असतील तर त्या वयाचा प्रीमियम, कदाचित मेडिकल, आणि परत पहिल्या वर्षापासून सुरुवात.

हे सगळ्या पॉलिसींना लागू नाही हां. तीन हप्ते भरलेली आणि सतरा वर्षं राहिलेली पॉलिसी असती तर हिशोब वेगळा आला असता, तिथं कधी कधी सोडणंच बरं पडतं. प्रत्येकाने आपले आकडे टाकून बघावं.

दोन लाखाची गरज आहे ती खरी आहे, लग्न थांबत नाही. त्यासाठी याच पॉलिसीवर कर्ज काढा. चालू पॉलिसीवर साधारण सरेंडर व्हॅल्यूच्या 90 टक्क्यापर्यंत मिळतं, तुमच्या बाबतीत 3,17,000 पर्यंत, दोन लाख आरामात बसतात. बाँड तिथं ठेवून घेतात, पॉलिसी चालू राहते, बोनस पहिल्यासारखाच चढत राहतो, बाबांचं विमा संरक्षण पण राहतं, फक्त क्लेम झाला तर कर्ज आणि व्याज वजा होतं. पण व्याजाचं नीट समजून घ्या, इथं माणसं मार खातात. व्याज सहा महिन्यांनी लागतं, दर त्या वेळचा जो असेल तो विचारून घ्या, मी हिशोबाला साडेनऊ टक्के धरतो. दोन लाखावर सहा महिन्याला 9,500, वर्षाला 19,000. ते भरत राहिलात तर 2032 ला 9,08,000 मधून फक्त मूळ दोन लाख वजा, हातात 7,08,000. पण बरीच मंडळी कर्ज काढतात आणि विसरतात, कारण कुणी वसुलीला दारात येत नाही. मग न भरलेलं व्याज मुद्दलात जाऊन त्याच्यावर व्याज, आणि सहा वर्षांनी दोन लाखाचे जवळजवळ 3,49,000 होतात. तेव्हा हातात 5,59,000. फरक बघा. दोन्ही बाजूंनी पैसे जमत नसतील तर आधी हप्ता भरा, मग व्याज, मग जमेल तसं मुद्दल. कारण कर्ज डोक्यावर असताना हप्ते बंद पडले की कर्ज-व्याज वाढत जाऊन सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं तर कंपनी पॉलिसी बंद करून हिशोब मिटवू शकते.

एक गोष्ट ब्रांचमध्ये नक्की विचारा, बाबांनी आधी कधी कर्ज काढलंय का. स्टेटमेंटवरची सरेंडर व्हॅल्यू आणि मॅच्युरिटी बऱ्याच वेळा कर्ज वजा न करता छापलेली असते आणि कर्ज दुसऱ्या कागदावर असतं. लॉकडाउनमध्ये कितीतरी जणांनी घरात न सांगता काढलंय, लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात, पण मुलांना माहीत पाहिजे.

तिसरा एक मार्ग पण सांगतो, हप्ते भरणं खरंच शक्य नसेल तर सरेंडर न करता पेड-अप ठेवता येते. हप्ता बंद, विमा कमी होतो, पुढचा बोनस चढत नाही, पण 3,50,000 आणि आतापर्यंतचा बोनस 2032 ला पूर्ण मिळतो, न कापता. चौदाव्या वर्षाचा बोनस 20,000 धरला तर 6,38,000. आज 3,52,260 आणि थांबून 6,38,000, वरून एक पैसा न भरता. आणि हप्ते भरले तर 9,08,000, म्हणजे 1,47,600 जास्त भरून 2,70,000 जास्त. मला वाटतं तुमच्या घरात दोन पगार येत असतील तर हप्ते भरा.

आता स्टेटमेंटवरची सगळ्यात छोटी पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ, एफयूपी. फर्स्ट अनपेड प्रीमियम, म्हणजे पहिला न भरलेला हप्ता कुठला. तुमची 28/06/2026 आहे म्हणजे जून 2025 पर्यंत सगळं भरलंय, चौदा हप्ते बरोबर, भरलेला प्रीमियम बरोबर. वरचा सगळा हिशोब या एका तारखेवर उभा आहे. ती मागे असेल तर पेड-अप, बोनस, सरेंडर सगळंच चुकलेलं असतं.

का सांगतोय ते ऐका. उद्यमबागच्याच एका कारखान्यातला माझा एक गिऱ्हाईक, पगारातून दर महिना हप्ता कापून जायचा. जुलै महिन्यात तो स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आला, बोनस किती झाला एवढंच विचारायला. मी एफयूपी बघितली तर एप्रिल. म्हटलं पगाराच्या पावत्या आणा. मे, जून, दोन्ही पावत्यांवर कपात होती, एप्रिलची पण होती. म्हणजे याच्या पगारातून गेले आणि विमा कंपनीत पोचलेच नाहीत, किंवा पोचले आणि यादीत पॉलिसी नंबर चुकला. पावत्यांच्या झेरॉक्स, अर्ज, कारखान्याच्या ऑफिसमध्ये दोन फेऱ्या, मग कळलं यादीत एक आकडा चुकलेला होता, पैसे दुसऱ्या कुणाच्या पॉलिसीत जमा झालेले. तीन महिन्यात सापडलं म्हणून पंधरा दिवसात दुरुस्त झालं. हेच दहा वर्षांनी मॅच्युरिटीला सापडलं असतं तर तेवढे हप्ते व्याजासकट कापून घेतले असते आणि तेव्हा पगाराच्या पावत्या कुठून आणायच्या? तुमच्या बाबांचा हप्ता वार्षिक आहे, बहुतेक स्वतः भरतात, तरी उसाचं बिल आल्यावर किंवा बोनस मिळाल्यावर एजंटच्या हातात रोख देणारे आपल्याकडे अजून आहेत. हातात पावती नाही आणि एफयूपी पुढं सरकली नाही तर तो हप्ता भरलेला नाही, मग एजंट किती का ओळखीचा असेना. भरल्यावर आठ दिवसांनी एफयूपी एक वर्ष पुढं गेली का एवढं बघायची सवय लावून घ्या.

टॅक्सचं दोन वाक्यात. 1 एप्रिल 2012 नंतरच्या पॉलिसीत वर्षाचा हप्ता सम अशुअर्डच्या दहा टक्क्याच्या आत असला तर मॅच्युरिटी करमुक्त. तुमचा हप्ता 24,600 आणि मर्यादा 50,000, तेव्हा काळजी नाही.

आता काय करायचं. ब्रांचमध्ये जाऊन तीन कागद मागा, सरेंडर कोटेशन, लोन कोटेशन आणि पेड-अप किती होईल ते, तिन्ही एकाच तारखेचे. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका, कोटेशनवर तारीख आणि कर्ज वजा करून हातात येणारी रक्कम लिहिलेली असते. वरचे माझे आकडे तुमच्या स्टेटमेंटवरून काढलेत, कोटेशनमध्ये थोडाफार फरक येईल, पण 6,18,000 ला 0.57 च्या आसपास यायला पाहिजे. खूप खाली आला तर कुठला हप्ता मोजला नाही ते विचारा. फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो, कोऱ्या फॉर्मवर बाबांची सही घेऊ देऊ नका, आधी भरून घ्या, कुठल्या कामाचा फॉर्म आहे ते वरचं नाव वाचून घ्या. लोनचा म्हणून सरेंडरचा फॉर्म पुढे केलेला मी स्वतः बघितलाय, आणि सरेंडर एकदा झालं, पैसे खात्यात आले की पॉलिसी परत चालू होत नाही.

28 जूनचा हप्ता आधी भरा, तीस दिवसांची सवलत असते म्हणजे 28 जुलैपर्यंत, पण तेवढं थांबू नका. हप्ता भरलात की चौदाचे पंधरा होतात, लोन कोटेशन त्यानंतर काढलं तर कर्जाची मर्यादा पण थोडी वर जाते. बँकेचं पासबुक, बाँड आणि आधार घेऊन बाबांना सोबत घेऊन जा, सही त्यांनाच करावी लागते. कोटेशन मिळालं की आकडे इथं टाका, मी बघतो.